आजोबा धुक्यात हरवू नयेत म्हणून

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत ‘बॅम्बी’ची तयारी चालू असताना एक अडचण समोर आली. जंगलाचं पानन्पान रेखाटलेली पार्श्वभूमी मागे ठेवली, की तिच्यापुढचं हरणाचं पाडस दिसेनासं होई. टायरस वाँग हा चिनी वंशाचा तरुण चित्रकार १९३८ मध्ये तिथे कामाला लागला होता. मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढत बसण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं स्वतःहून जंगलाची काही छोटी चित्रं करून दाखवली. सोंग काळातल्या चिनी निसर्गचित्रांचे संस्कार त्यांवर होते. मोजक्या जागी तपशील आणि बाकी सगळीकडे धुकट रंग, अशी ती मांडणी होती. १९४२ मध्ये आलेल्या त्या चित्रपटाचं रूप याच चित्रांनी ठरवलं.

आज टॅब्लेटवर गावाची पहाट रंगवणाऱ्यापुढे नेमकी हीच अडचण असते. घरं, झाडं, डोंगर सगळं मन लावून रंगवलेलं असतं, आणि पात्रं त्यावर ठेवली की ती चित्रात बुडून जातात. यावरचा उपाय त्या पहाटेच्या हवेतच आहे.

संगमेश्वरकडचं एखादं गाव घ्या. इथे सूर्य सह्याद्रीच्या मागून वर येतो, म्हणजे पूर्वेकडे पाहणाऱ्याला सगळं गाव पाठीमागून उजळलेलं दिसतं. सर्वांत लांब मुख्य रांग, तिच्या अलीकडे एक टेकडी, मग माड आणि आंबा-फणसांची राई, मग चिऱ्याच्या भिंतींची कौलारू घरं आणि अगदी पुढे पाखाडी. पाखाडीवरून पांढरं धोतर-टोपी घातलेले आजोबा आणि गडद परकरातली नात खाली उतरत आहेत.

लांबचं ते निळं, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. दुपारी तो बरोबरही ठरतो, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तो निळसरपणा डोंगर आणि डोळा यांच्यामध्ये साठतो. सूर्योदयाला सूर्याच्या दिशेनं पाहताना मात्र हा नियम फसवतो. प्रकाश हवेतून खूप लांबचा पल्ला तिरका कापून येतो आणि वाटेतच त्यातला निळा भाग गळतो. उरलेला केशरी प्रकाश धुक्याचे थेंब मुख्यतः पुढच्या दिशेला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे, फेकतात. त्यामुळे सूर्याजवळची रांग फिकट पीच रंगाची दिसते आणि तीच रांग चित्राच्या कडेला सरकता सरकता जांभळट-निळी होते. मनात धरायचा नियम असा: लांबची वस्तू तिच्या पाठीमागच्या क्षितिजाच्या रंगाकडे सरकते.

क्रिटासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे थेट करता येतं. प्रत्येक थर आधी त्याच्या खऱ्या रंगात रंगवायचा, जणू मध्ये हवा नाहीच. मग त्यावर क्षितिजाच्या रंगाचा एक थर चढवून तो खालच्या आकारापुरता मर्यादित करायचा. त्यासाठी दोन्ही थर एका गटात ठेवून वरच्या थराला `Inherit Alpha` लावतात. गट करायला विसरलं तर खालचं आकाशही त्यात धरलं जातं आणि आकाराची मर्यादाच उरत नाही.

आता या वरच्या थराची अपारदर्शकता ठरवायची. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १०० मानलं, तर क्षितिज साधारण ८८ वर आणि घरं-झाडांचे मूळ रंग ३० च्या आसपास असतात. घरांवर हवेचा थर २० टक्के दिला तर ती सुमारे ४२ वर येतात. राईवर ४५ टक्के दिले तर ५६, टेकडीवर ७० टक्के दिले तर ७१ आणि मुख्य रांगेवर ८५ टक्के दिले तर ७९. पुढच्या थरांमधलं अंतर मोठं आहे आणि सर्वांत मागे ते घटतं. खऱ्या हवेतही तसंच होतं. क्षितिजाशी असलेला फरक अंतरागणिक ठरावीक प्रमाणात कमी होत जातो, म्हणून लांबच्या दोन रांगा एकमेकींत जवळजवळ मिसळतात. सगळे थर सारख्या अंतरानं फिके केले की डोंगर पुठ्ठ्याचे कापून उभे केल्यासारखे दिसतात.

हवा सगळ्यात आधी सावल्या भरून काढते. राईतली १० ची गर्द सावली ४५ टक्के हवेनंतर ४५ वर चढते, पण ७० चा उजळ भाग फक्त ७८ पर्यंत जातो. म्हणजे साठचा फरक तेहतिसावर आला. डोंगराच्या घळीत शुद्ध काळा रंग राहिला असेल तर ती घळ लगेच पुढे धावून येते. चित्र डोळे बारीक करून पाहिलं की अशी जागा हटकून सापडते.

इथवर गाव छान झालेलं असतं. पात्रं ठेवली की खरी परीक्षा सुरू होते. परकरातली नात पाठीमागच्या उजेडामुळे २२ च्या आसपास, म्हणजे चांगली गडद आहे. आजोबांची टोपी मात्र घोटाळा करते. पांढरी असली तरी तिची आपल्याकडची बाजू सावलीत आहे, म्हणून ती ६० वर येते, आणि मागची राई ५६ वर आहे. टोपी झाडांत विरघळते आणि आजोबांचं डोकं कपाळावर कापल्यासारखं दिसतं. टोपी शुभ्र करावी असा मोह होतो, पण मग उजेड पाठीमागून येतो ही गोष्टच खोटी पडते.

त्यापेक्षा मागचं गाव हलवावं. पहिलं घर थोडं उजवीकडे सरकवून त्याची अंधारी पडवी, जी ३५ वर आहे, आजोबांच्या पाठीशी आणावी. टोपी आणि धोतर दोन्ही तिच्यापुढे स्वच्छ उमटतात. नात एक पाऊल पुढे, दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत ठेवावी आणि तिथे जमिनीलगत ६५ चं धुकं साचवावं. फिकट आकृतीमागे गडद आणि गडद आकृतीमागे फिकट, इतकंच इथलं गणित आहे. शेवटी सूर्याकडच्या खांद्यावर आणि टोपीच्या कडेला ९२ ची बारीक उजेडाची रेघ द्यावी. तीच रेघ सगळ्या अंगाभोवती फिरवली की आकृती चिकटवल्यासारखी वाटते.

पुढची आंब्याची फांदी १२ इतकी गडद असल्यामुळे ती वरच्या कोपऱ्यातच असावी. तिचं टोक नातीच्या डोक्याला शिवलं, की दोन गडद आकार एक होतात. सूर्याची तबकडीही रांगेआड ठेवलेली बरी, नाहीतर चित्रातला सर्वांत प्रखर उजेड तिथे जाऊन डोळा पात्रांपाशी थांबत नाही.

तपासायला सर्वांत वर `Desaturate`चा फिल्टर थर टाकून चित्र करड्या रंगात पाहावं आणि ते अंगठ्याएवढं लहान करावं. रंग उतरल्यावरही दोघं चालताना ओळखू आली पाहिजेत. ही तपासणी एकाच जागी करून भागत नाही. पात्रं चालणार असतील तर पाखाडीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ठेवून पाहावीत, कारण दहा पावलांनंतर आजोबांच्या मागे पडवी नसते, पुन्हा राईच येते. तिथे राईसमोर धुक्याचा एक पट्टा ओढून ती जागा ७५ पर्यंत उजळवली, तर ६० ची टोपी आता मागच्यापेक्षा गडद म्हणून सुटून दिसते.

आकाशात कधीकधी रंगाचे पट्टे उमटतात. आठ बिटच्या फाइलमध्ये मंद उतरत्या छटांना पुरेशा पायऱ्या मिळत नाहीत, म्हणून सोळा बिटमध्ये काम करावं किंवा आकाशावर अगदी हलका कण पसरावा.

हवेचे थर वेगळे ठेवल्याचा फायदा पुढच्या दृश्यात होतो. त्याच गावाचे नऊ वाजवायचे असतील तर घरं-झाडं पुन्हा काढावी लागत नाहीत. हवेचा रंग केशरीचा निळसर करायचा, अपारदर्शकता निम्म्यावर आणायची आणि घरांवरच्या छाया सूर्याच्या नव्या उंचीप्रमाणे बदलायच्या. मात्र राई आता ५६ वरून ४३ वर उतरलेली असते आणि वरून ऊन पडल्यामुळे आजोबांची टोपी खरोखर पांढरी झालेली असते, त्यामुळे पडवी आणि धुक्याची सगळी मांडणी या नव्या आकड्यांवर पुन्हा तपासावी लागते.