दागिन्यांची जकात आणि मुफ्तींचे उत्तर

फतवा म्हटले की आपल्याकडे धमकी किंवा बंदीच आठवते. प्रत्यक्षात दारुल इफ्तात येणारे बहुतेक प्रश्न घरगुती असतात. उदाहरणार्थ, एखादी गृहिणी विचारते, 'माझ्याकडे शंभर ग्रॅम सोन्याचे दागिने आहेत, ते अंगावर वापरते. जकात द्यावी का?'

हनफी मुफ्ती म्हणतील, द्यावी. सोन्याची मर्यादा साडेसात तोळे, म्हणजे सुमारे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम. तेवढे सोने चांद्रवर्षभर राहिले, तर अडीच टक्के, म्हणजे अडीच ग्रॅम किंवा त्याची किंमत. कोकणातले बरेच मुसलमान शाफई. त्यांच्या पंथाच्या प्रचलित मतानुसार नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. गुंतवणुकीच्या बिस्किटांवर मात्र आहे. सोने तेच, उत्तरे दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी ग्राह्य.

फतव्याची खरी मर्यादा इथे कळते. मुफ्ती साक्षीपुरावा तपासत नाहीत. विचारणाऱ्याने सांगितले तेवढेच धरतात. बाईंनी बिस्किटांचा उल्लेख टाळला, तर उत्तर चुकणारच, आणि तो दोष मुफ्तींचा नाही. काझीच्या निवाड्यासारखा फतवा लादता येत नाही. पाळायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. म्हणूनच अनेक फतव्यांच्या शेवटी 'अल्लाहच अधिक जाणतो' अशा अर्थाचे शब्द असतात.

भारतात तर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कुणावर सक्तीने लादणे बेकायदा आहे.