तीन रेघांमधलं अंतर

माण तालुक्यातल्या एका नाल्यावर पाझर तलावाची जागा मोजायची होती. नाल्याच्या दोन्ही बाजूंना निवडुंग आणि घायपात. त्यातून साखळी ओढणं म्हणजे दिवस घालवणं, म्हणून थिओडोलाइट लावला आणि स्टेडियाने मोजायचं ठरवलं.

दुर्बिणीत डोळा लावला की उभी रेघ आणि मधली आडवी रेघ सगळ्यांनाच दिसते. तिच्या वर-खाली दोन आखूड रेघा असतात, त्या स्टेडियाच्या. समोर स्टाफ धरला की त्या दोन रेघांत स्टाफचा जेवढा तुकडा सापडतो, त्याच्या शंभर पट अंतर. बहुतेक यंत्रांत हा गुणक शंभरच ठेवलेला असतो. नवं यंत्र हाती आलं तरी सपाट जागी टेपने साठ मीटर मोजून मी एकदा तपासतो.

पलीकडच्या चढावर स्टाफ उभा होता. खालची रेघ ०.९८५, मधली १.५४०, वरची २.०९५. दुर्बिणीचा कोन वर ८ अंश ३० मिनिटं. तुकडा १.११० मीटर, शंभर पट १११. नवशिके इथेच थांबतात आणि फील्डबुकात १११ लिहून मोकळे होतात. सपाटीवर, लेव्हलने पाहताना, ते बरोबरही असतं. चढावर दोन गोष्टी आड येतात. एक तर स्टाफ उभा आहे आणि आपली नजर तिरकी, त्यामुळे तुकडा खऱ्यापेक्षा लांब दिसतो. म्हणून एकदा कोसाइनने गुणायचं. त्यातून मिळतं ते तिरकं अंतर, आपल्याला हवं आडवं. म्हणून पुन्हा एकदा कोसाइन. साडेआठ अंशांच्या कोसाइनचा वर्ग ०.९७८१५, म्हणजे आडवं अंतर १०८.५७ मीटर. जवळजवळ अडीच मीटर कमी झाले.

उंचीसाठी या आडव्या अंतराला कोनाच्या टॅनने, ०.१४९४५ ने, गुणलं की १६.२३ मीटर येतात. पण ही उंची यंत्राच्या मध्यापासून स्टाफवरच्या मधल्या रेघेपर्यंतची. यंत्राखालच्या खुंटीची पातळी १०० धरली होती, यंत्राची उंची १.४२. म्हणून १०० अधिक १.४२ अधिक १६.२३, वजा १.५४: स्टाफच्या पायथ्याची पातळी ११६.११.

वाचन मधल्या रेघेवरच संपतं असं मानून बाकीच्या दोन घाईत उरकणारे पुष्कळ. खरं तर तिन्ही रेघा एकमेकींवर पहारा ठेवतात. वरची आणि खालची मिळून निम्मं केलं की मधली यायला हवी. वर बेरीज ३.०८०, निम्मी १.५४०. जमलं.

एका ठिकाणी जमलं नव्हतं, आणि ते मी संध्याकाळी खोलीवर बसल्यावर पाहिलं. जवळजवळ समपातळीतला बिंदू: खालची ०.६४०, मधली १.२१५, वरची १.६९०. एका बाजूला ५७५ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ४७५. कुठेतरी दहा सेंटिमीटरचं घर चुकवलं होतं. पण कोणती? वरची १.७९० असेल तर अंतर ११५ मीटर, खालची ०.७४० असेल तर ९५. वीस मीटरचा फरक, आणि कागदावरून तो सुटणारा नाही. दुसऱ्या दिवशी त्या एका बिंदूसाठी पुन्हा यंत्र लावलं. वरचीच चुकली होती. तेव्हापासून बेरीज निम्मी करेपर्यंत मी स्टाफमनला हलायचा इशारा देत नाही.

एक मिलिमीटर चुकला तर अंतरात दहा सेंटिमीटर जातात, हे लक्षात घेतलं की या पद्धतीकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळतं. कंटूर काढायला ती उत्तम, बांधाच्या सांडव्याची पातळी पक्की करायला नाही. तिथे लेव्हलच लावावी. दुपारी बारानंतर जमिनीलगतची हवा थरथरते आणि खालची रेघ स्टाफवर नाचते. तेव्हा मी ती रेघ निदान एक मीटरच्या वर ठेवतो. मात्र त्यासाठी दुर्बीण हलवली की कोनही बदलतो. रेघा आधी वाचून, मग स्क्रू फिरवून कोन लिहिला, की आकडे सगळे नीट दिसतात आणि उंची मात्र चुकते. त्यावर कोणतीही बेरीज पहारा देत नाही.

स्टाफ कलणं हेही तसंच. सपाटीवर एक अंश कलला तर शंभर मीटरमागे दीड सेंटिमीटर, कोण विचारतो. पण पंचवीस अंशांच्या चढावर तोच एक अंश ऐंशी सेंटिमीटर खातो किंवा वाढवतो. स्टाफचा माथा डोंगराकडे झुकला तर अंतर वाढतं, आपल्याकडे झुकला तर घटतं. आमच्या स्टाफमनने स्टाफच्या मागे गोल बबल बांधून घेतला होता. चढ चढून धापा टाकत पोचला, की आधी तो बबल मध्ये आणायचा, मग ओरडायचा, “घ्या साहेब!”