त्यांचा प्लॅन ठरला, तुम्हाला कळलंच नाही

रविवारी रात्री सहज मोबाइल हातात घ्यावा आणि मैत्रिणीच्या स्टेटसला सिंहगडावरचे फोटो दिसावेत. पिठलं-भाकरीची ताटं, दह्याची मडकी आणि हसणारे तीन चेहरे. नेहमीच्या चौघींपैकी फक्त तुम्ही नाही. दुपारीच तर ग्रुपवर ‘गुड आफ्टरनून’चा मेसेज टाकला होता, त्याला कुणी उत्तर का दिलं नाही हे आता कळतं.

घरी सांगायला जावं तर नवरा म्हणतो, ‘‘एवढंसं काय मनाला लावून घेतेस?’’ पण हे दुखणं एवढंसं नसतं. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. एकदा तो बागेत बसला असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्याच्याजवळ येऊन पडली. त्याने ती परत फेकली आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी त्याच्याकडे फेकणं बंद केलं. ज्यांची नावंही माहीत नव्हती, त्यांनी वगळलं म्हणून त्याला चांगलंच लागलं. यातूनच पुढे ‘सायबरबॉल’ हा संगणकावरचा साधा चेंडूफेकीचा खेळ तयार झाला. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो, मग बाकीचे दोघं आपसातच खेळत राहतात. गंमत म्हणजे समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, असं आधी सांगितलं तरी लोकांना वाईट वाटतं. मग वर्षानुवर्षांच्या मैत्रिणींनी वगळल्यावर काय होत असेल!

म्हणजे पहिली कळ उठणारच, ती आपल्या हातात नाही. पण त्या कळीचं कारण काय, हे ती कळ सांगत नाही. ते शोधावं लागतं.

या चौघींचंच बघू. चौघी एकाच सोसायटीत राहणाऱ्या. मुलांना स्कूलबसमध्ये बसवायला सकाळी गेटपाशी जमायच्या. बस निघून गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं गप्पा व्हायच्या आणि भिशीपासून साडीखरेदीपर्यंत सगळं तिथेच ठरायचं. मग एकीला नोकरी लागली आणि मुलाला बसमध्ये बसवायचं काम आजोबांकडे गेलं. उरलेल्या तिघींनी बसला उशीर झाला तर कळावं म्हणून वेगळा ग्रुप काढला. आधी त्यावर फक्त बसच्या वेळा यायच्या, नंतर भाज्यांचे भाव आले, मग सिंहगड. चौघींचा जुना ग्रुप सणांच्या शुभेच्छांपुरता उरला.

यात कुणी ठरवून कुणाला काढलं नव्हतं. प्लॅन बहुतेक वेळा माणसं उभी असतात तिथेच ठरतात, ग्रुपवर फक्त वेळ पक्की होते. ‘तिला ऑफिस असतं, उगाच कशाला विचारायचं?’ असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. रविवारी ऑफिस नसतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. (आता हा निष्काळजीपणाच, आणि तोही लागतोच.)

पण दर वेळी गोष्ट इतकी साधी नसते. फरक ओळखायचा तर त्यांच्या प्लॅनकडे न बघता तुमच्या प्लॅनचं काय होतं ते बघा. तुम्ही दिवस आणि वेळ सांगून बोलावलं तर त्या येतात का? जमत नसेल तर दुसरा दिवस सुचवतात का? सहलीबद्दल तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलतात, की तुम्ही येताच विषय बदलतात? नुसतं विसरून गेलेली मैत्रीण आठवण करून दिल्यावर ओशाळते आणि पुढच्या वेळी विचारते. टाळणारी मैत्रीण दर वेळी ‘बघू’ म्हणते.

त्या रात्री ग्रुपवर ‘मजा करा, आम्ही कोण!’ असं लिहायचा किंवा ग्रुप सोडायचा मोह होतो. तसं केलं की विषय सहलीचा राहत नाही, तुमच्या रुसण्याचा होतो आणि तिघींना एकमेकींची बाजू घ्यावी लागते. त्यापेक्षा दोन दिवस थांबून, जिच्याशी सर्वांत जवळीक आहे त्या एकीलाच फोन करावा. ‘तुम्ही मला मुद्दाम वगळलंत’ म्हटलं की ती सफाई देत बसते. या चौथीने एवढंच म्हटलं, ‘‘सिंहगडचे फोटो बघून वाईट वाटलं गं. रविवारी मी मोकळी असते, मलाही यायला आवडलं असतं.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘‘अगं, आम्हाला वाटलं तुला सुट्टीच्या दिवशी घरचं उरकायचं असेल.’’

तिने बसच्या ग्रुपमध्ये घ्या असा हट्ट धरला नाही, कारण सकाळचं गेट आता तिचं नव्हतंच. त्याऐवजी शनिवारी रात्री नऊला, जेवणं उरकल्यावर खाली फेरी मारायची असं तिने सुचवलं. पहिल्या शनिवारी दोघी आल्या. तिसरीने ‘बघू’ म्हटलं, पुढच्या दोन शनिवारीही तेच. चौथ्या शनिवारपासून तिने तिला विचारणं सोडलं. भेटली की हसून बोलते, दिवाळीत फराळाचं ताटही पाठवते. बाकी दोघींबरोबरची फेरी मात्र आता अकरापर्यंत लांबते.