थर तेच, रचना दोन

सारख्या आकाराचे गोल सपाट जागेवर दाटीने मांडले, की प्रत्येकाला सहा शेजारी टेकतात आणि त्याच्याभोवती सहा खळगे तयार होतात. हा थर ‘अ’. दुसऱ्या थराचे गोल या खळग्यांत बसतात, पण लगतच्या दोन्ही खळग्यांत गोल मावत नाहीत. एकाआड एकच भरतात. भरलेली जागा ‘ब’, उघडी राहिलेली ‘क’.

खरी निवड तिसऱ्या थराला करावी लागते. तो पुन्हा ‘अ’च्या नेमका वर आला, तर अबअब अशी षट्कोनी रचना होते, मॅग्नेशियमची ती आहे. तो ‘क’वर बसला, तर अबकअबक अशी घनीय रचना मिळते; तांबे, चांदी, सोने, ॲल्युमिनियम यांची. दोन्हींत प्रत्येक गोलाला बाराच गोल टेकतात: सहा थरातले, तीन वरचे, तीन खालचे. फरक जाणवतो तो दूरवर पाहिल्यावर. षट्कोनी रचनेत ‘क’ जागा कोणताच थर झाकत नाही, त्यामुळे तिथून सरळ बोगदा आरपार जातो. घनीय रचनेत थरांना काटकोनात असा बोगदा सापडत नाही.

दोन थरांमध्ये पोकळ्या उरतात. तीन गोलांच्या खळग्यावर चौथा बसला, की मधली चिंचोळी जागा चतुष्फलकीय पोकळी होते. जिथे खालचे तीन आणि वरचे तीन गोल उलटसुलट त्रिकोणांत समोरासमोर येतात, तिथे मोठी अष्टफलकीय पोकळी तयार होते. पहिलीत गोलाच्या त्रिज्येच्या ०.२२५ पट, तर दुसरीत ०.४१४ पट त्रिज्येचा गोल मावतो. दर गोलामागे चतुष्फलकीय पोकळ्या दोन आणि अष्टफलकीय एक. मिठात क्लोराइड आयनांच्या घनीय रचनेतल्या सगळ्या अष्टफलकीय पोकळ्या सोडियम भरतो. सोडियम आयन या मापापेक्षा मोठा असल्याने क्लोराइड थोडे फाकतात.

जागा किती भरते, हे तांब्यावरून मोजता येते. त्याच्या एकक घनाची बाजू ३६१.५ पिकोमीटर. गोल बाजूवर नव्हे, पृष्ठकर्णावर एकमेकांना टेकतात. त्यावर चार त्रिज्या मावतात. कर्ण सुमारे ५११ पिकोमीटर, म्हणून त्रिज्या १२७.८. आठ कोपऱ्यांवरच्या गोलांचा आठवा आणि सहा पृष्ठांवरच्या गोलांचा अर्धा भाग धरून घनात चार गोल येतात. त्यांच्या घनफळाला घनाच्या घनफळाने भागले, की ०.७४ उत्तर येते.

आदर्श षट्कोनी रचनेतही हाच आकडा येतो, कारण थर आणि त्यांतले अंतर तेच. याहून दाट रचना शक्य नाही, असे केप्लरने १६११ मध्ये म्हटले होते; ते थॉमस हेल्सने १९९८ मध्ये सिद्ध केले. जस्त मात्र नावापुरतेच या रचनेत बसते. त्याचे थर आदर्शापेक्षा दूर सरकलेले असतात: थरातले सहा शेजारी २६६, तर वरखालचे सहा २९१ पिकोमीटरवर. थरातल्या स्पर्शावरून त्रिज्या धरली, तर जागा सुमारे ६५ टक्केच भरते.