विश्लेषण : गृहकर्ज मंजूर झाले, पण मंजुरीपत्रात नेमके काय वाचायचे?

पहिले कर्ज मंजूर झाल्याचा आनंद बहुतेकदा बँकेच्या टेबलावरच सुरू होतो आणि सह्यांच्या घाईत तिथेच संपतो. हातात पडलेले मंजुरीपत्र, म्हणजेच सँक्शन लेटर, सात-आठ पानांचे असते. ते इंग्रजीत असते आणि त्यातली कामाची माहिती सलग कुठेच नसते. व्याजदर पहिल्या पानावर असतो, तो केव्हा बदलेल हे चौथ्यावर आणि शुल्कांचा तक्ता शेवटी. मुदतपूर्व परतफेडीचे कलम ‘इतर अटी’मध्ये असते. या सगळ्यातून पाच ओळी काढता आल्या की कर्ज समजले म्हणायचे. त्या कशा काढायच्या, हे नमुन्यादाखल घेतलेल्या एका पत्रावरून पाहू.

पाच ओळी कोणत्या?

समजा, नाशिकमध्ये पहिले घर घेणाऱ्या एका तरुणीला बँकेने २५ लाखांचे गृहकर्ज मंजूर केले. तिच्या पत्राचा सारांश असा निघतो.

व्याजदर : रेपो ५.२५ अधिक स्प्रेड ३.२५, म्हणजे आज ८.५० टक्के, तरता, दर तीन महिन्यांनी फेरआढावा.
मुदत : २४० हप्ते, संपूर्ण रक्कम वितरित झाल्यानंतर सुरुवात.
हप्ता : २१,६९६ रुपये; दर बदलल्यास मुदत बदलणार.
शुल्क : प्रक्रिया शुल्क जीएसटीसह १४,७५०, कायदेशीर तपासणी व मूल्यांकन ७,०००, विमा हप्ता ७५,००० (कर्जात समाविष्ट).
मुदतपूर्व परतफेड : दंड नाही, भरलेल्या रकमेने मुदत घटणार की हप्ता, याचा उल्लेख नाही.

प्रत्येक ओळीत आकड्याच्या शेजारी एक अट आहे. आकडा पत्रात ठळक छापलेला असतो, अट शोधावी लागते.

व्याजदरात काय शोधायचे?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची किरकोळ कर्जे बाह्य मानदंडाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आला, तोच आपण इथे धरला आहे. रेपो हलला की कर्जाचा दरही हलतो आणि हा बदल तीन महिन्यांतून किमान एकदा खात्यात उतरावाच लागतो. गृहवित्त कंपन्यांना मात्र ही सक्ती नाही. त्यांचा दर त्यांच्याच मूळ दरावर ठरतो, त्यामुळे कर्ज देणारी संस्था बँक आहे की कंपनी, हे पत्राच्या शीर्षावर आधी पाहून घ्यावे.

रेपो कोणाच्याच हातात नसतो, पण स्प्रेडवर बोलता येते. या ३.२५ टक्क्यांत कर्जदाराच्या पतजोखमीचा भाग असतो आणि ज्याने आजवर कर्जच घेतलेले नाही त्याचा पतइतिहास कोरा असल्याने हा भाग जास्त लावला जाऊ शकतो. पतजोखमीचा हा भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलता येतो. म्हणजे मंजुरीच्या वेळी मान्य केलेला स्प्रेड पुढे बरीच वर्षे सोबत राहतो. घासाघीस करायची ती सहीपूर्वीच आणि तीही स्प्रेडवर.

आणखी एक वाक्य नजरेतून सुटते. ‘वितरणाच्या दिवशी लागू असलेला दर आकारला जाईल’ असे पत्रात असेल, तर ८.५० हा आजचा दर झाला. घराचा ताबा लांबला आणि उचल चार महिन्यांनी झाली, तर दर वेगळा असू शकतो.

मुदत आणि हप्ता वेगवेगळे का वाचू नयेत?

कारण तरत्या दरात यातला एक स्थिर ठेवला की दुसरा हलतो. पहिल्या २१,६९६ रुपयांच्या हप्त्यात १७,७०८ रुपये व्याजाचे असतात, मुद्दल फिटते जेमतेम ३,९८८ रुपयांचे. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दल इतक्या संथपणे उतरत असल्याने दरातला छोटा बदलही मुदतीला मोठा धक्का देतो.

समजा, दर सुरुवातीलाच अर्ध्या टक्क्याने वाढून ९ झाला. मुदत २४० हप्तेच ठेवली तर हप्ता २२,४९३ रुपये होतो, म्हणजे महिन्याला सुमारे ८०० रुपये जास्त. हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी २६८ हप्ते भरावे लागतात. खिशाला महिन्याकाठी काहीच जाणवत नाही, पण कर्ज सव्वादोन वर्षांहून अधिक लांबते आणि हप्ता वाढवण्याच्या तुलनेत एकूण परतफेड जवळपास चार लाखांनी वाढते. तिच्या पत्रात ‘दर बदलल्यास मुदत बदलेल’ असे होते, म्हणजे काही कळवले नाही तर दुसरा मार्ग आपोआप लागू होणार होता.

हा निर्णय बँकेवर सोडायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे-थोडे, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी लागते. दर बदलल्याचा एसएमएस आला की बँकेला लेखी कळवायचे, इतकेच.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर असेल, तर मुदतीच्या ओळीत आणखी एक गोष्ट येते. रक्कम टप्प्याटप्प्याने दिली जाते आणि तोवर फक्त उचललेल्या रकमेवर व्याज भरावे लागते. त्याला प्री-ईएमआय म्हणतात. दहा लाख उचलले असतील तर महिन्याला ७,०८३ रुपये जातात आणि त्यातला एक रुपयाही मुद्दलात जमा होत नाही. २४० हप्त्यांची मोजणी त्यानंतर सुरू होते. बांधकाम दोन वर्षे रखडले, तर वीस वर्षांचे कर्ज प्रत्यक्षात बावीस वर्षे चालते.

शुल्क एकदाच भरायचे असेल, तर इतका विचार का?

प्रक्रिया शुल्क आपल्या उदाहरणात अर्धा टक्का, म्हणजे १२,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ते सरळ आहे आणि अनेकदा मागितल्यावर कमीही होते. महाराष्ट्रात गहाणाची नोंद करण्यासाठी मुद्रांक शुल्क आणि ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’चा खर्च वेगळा येतो, तो सरकारकडे जातो, त्यात बँकेला सूट देता येत नाही. हप्ता चुकल्यास किंवा परत गेल्यास लागणारे दंडशुल्कही पाहून ठेवावे.

खरी गोम असते विम्याच्या ओळीत. ७५,००० रुपयांचा एकरकमी विमा हप्ता रोख मागितला असता, तर बहुतेकांनी दहा प्रश्न विचारले असते. तो कर्जात मिळवला की कोणी विचारत नाही. कर्ज २५ लाख ७५ हजारांचे होते आणि हप्ता २२,३४७ रुपये. महिन्याला ६५१ रुपये किरकोळ वाटतात. २४० महिन्यांत ते १ लाख ५६ हजारांवर जातात. म्हणजे विमा दुपटीहून महाग पडला. कर्जासोबत जीवनविमा घेणे कायद्याने सक्तीचे नाही. घरात कमावणारी एकच व्यक्ती असेल तर संरक्षण हवेच, पण तितक्याच रकमेचा साधा मुदत विमा बाहेर किती हप्त्याला मिळतो, ते विचारून मगच ठरवावे.

असा खर्च पकडण्याचे सोपे साधन आता पत्रासोबतच मिळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते, म्हणून मराठीत मागायला संकोच नको. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो. व्याजासोबत बँकेमार्फत वसूल होणारे खर्चही त्यात धरलेले असतात. आपल्या उदाहरणात विम्याशिवाय हा दर साधारण ८.६२ टक्के येतो, विमा कर्जात घातला की ९.०३. कागदावरचा व्याजदर दोन्ही वेळा ८.५०च राहतो. एपीआर व्याजदरापासून अर्धा टक्का दूर दिसला, की शुल्कांच्या तक्त्यात काहीतरी मोठे दडले आहे असे समजावे.

या पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. शिवाय पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते आणि त्या मुदतीत होकार दिला तर बँक त्यातल्या अटींना बांधील राहते. ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ असे कोणी म्हटले तर हा नियम आठवावा.

कर्ज लवकर फेडले तर दंड लागतो का?

१ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. पैसे बचतीतून आले की दुसऱ्या बँकेतून, याने फरक पडत नाही आणि ‘पहिले वर्षभर भरता येणार नाही’ अशी अटही चालत नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र ही सवलत नाही. ‘पहिली तीन वर्षे स्थिर, नंतर तरता’ अशा मिश्र कर्जात पैसे भरण्याच्या दिवशी कोणता दर चालू आहे, त्यावर शुल्क ठरते. पत्रातल्या शुल्काच्या कलमाशेजारी ‘फिक्स्ड’ शब्द आहे का, तो शोधावा.

दंड नाही म्हणून ही ओळ संपत नाही. समजा, त्या तरुणीने (विमा कर्जात न घेता आणि दर तोच राहिल्यास) बारा हप्त्यांनंतर एक लाख रुपये जादा भरले. हप्ता तोच ठेवून मुदत घटवली, तर शेवटचे जवळपास २१ हप्ते कमी होतात आणि सुमारे ३ लाख ६५ हजारांचे व्याज वाचते. मुदत तीच ठेवून हप्ता घटवला, तर हप्ता ८८५ रुपयांनी उतरतो, पण व्याज वाचते ते फक्त लाखभराचे. तिच्या पत्रात यापैकी काय होणार, हे लिहिलेलेच नव्हते. अशा वेळी पैसे भरताना ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी’ असा अर्ज सोबत द्यावा, त्यावर पोच घ्यावी आणि पुढच्या महिन्यात परतफेडीचा नवा तक्ता मागवून शेवटच्या हप्त्याची तारीख खरोखर अलीकडे आली का, ते तपासावे.