ठोक्यावर येणारी यादी

न्यायसूत्रातल्या सोळा पदार्थांचा एक छोटा व्हिडिओ करायचा आहे, असं आपण धरू. संगीत मिनिटाला १२० ठोक्यांचं, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. वेग वाढतो तो संगीत न बदलता, दोन नावांमधलं अंतर निम्मं करून. पहिली चार नावं आठ-आठ ठोक्यांवर, पुढची चार चार-चार, उरलेली आठ दोन-दोन ठोक्यांवर. एकूण ६४ ठोके, म्हणजे ३२ सेकंद.

आता लिहिताना पाहा. ‘प्रमाण’ला चार सेकंद मिळतात, अर्थाची एक ओळ सहज वाचून होते. शेवटच्या आठांना एकच सेकंद, तिथे फक्त नाव मावतं. आणि नेमके तिथेच दहा, अकरा, बारा क्रमांकाला वाद, जल्प, वितंडा येतात. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःचं मत न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडायचं. पडद्यावर मात्र तिन्ही सारखीच चमकून जातात.

प्रेक्षकाला विचारा, अकरा आणि बारामध्ये फरक काय? सांगता आलं नाही, तर त्या तिघांचा वेगळा, संथ व्हिडिओ करावा. वाढत्या वेगात यादी लक्षात राहते. भेद समजायला थांबावंच लागतं.