माणूस गर्दीतला – लेखांक ७ : कात्रज चौकाच्या पुढे

साताऱ्याच्या दिशेने निघालेल्या दुचाकीस्वाराचं हेल्मेट कात्रज चौकापर्यंत नेमकं कुठं असतं, हे पाहण्यासारखं आहे. कुणाच्या कोपरात अडकवलेलं, कुणाच्या टाकीवर ठेवलेलं, कुणाच्या आरशाला लटकलेलं. पुढं वाहतूक पोलीस दिसला की ते डोक्यावर चढतं आणि चौक मागे पडून घाटाची चढण लागली की पुन्हा खाली उतरतं. घाटातल्या वळणांवरच त्याची खरी गरज असते, पण तिथं पाहायला कुणी नसतं.

मागच्या आठवड्यात ॲशच्या प्रयोगातली माणसं शेजाऱ्यांच्या भिडेपोटी लहानमोठ्या रेघांना सारख्याच म्हणत होती. या वेळी शेजारी नाही, वरचा माणूस.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६१ साली स्टॅनली मिलग्रम यांनी चाळीस पुरुषांना एकेक करून बोलावलं. दुसऱ्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि दर चुकीला तो १५ व्होल्टनं वाढवायचा, एवढंच काम. धक्के खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. शेजारी करड्या कोटातला प्रयोगकर्ता ‘पुढे चला’ म्हणत उभा. चाळिसांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो.

कमी ऐकलेला आहे तो याच प्रयोगाचा दुसरा अवतार. त्यात प्रयोगकर्ता सुरुवातीच्या सूचना देऊन खोलीबाहेर गेला आणि पुढचे हुकूम फोनवरून देऊ लागला. शेवटपर्यंत जाणारे एकदम पाचांत एक इतके उरले. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे, कित्येकांनी फोनवर ‘हो, वाढवतोय’ म्हणत प्रत्यक्षात हलकेच धक्के दिले. उघड नकार कठीण वाटला, पण खोटं सांगणं सोपं गेलं. कात्रज चौकात चढणारं आणि घाटात उतरणारं हेल्मेट याच जातीचं आहे. फरक एवढाच की येलमधल्या त्या लबाडीनं समोरच्याचा त्रास वाचत होता. इथं स्वतःचंच डोकं पणाला लागतं.

पण मग पुणेकर हुकूम मानतो की मानत नाही? १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी शहरात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा विरोधासाठी कृती समिती उभी राहिली, निदर्शनं झाली. आंदोलकांचं म्हणणं, आमचा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे. बाहेरगावच्यांना हा खास पुणेरी तिढा वाटला. मात्र मिलग्रमच्या खोलीतही असंच काहीसं दिसलं होतं. माणूस अडखळला की प्रयोगकर्ता चार ठरलेली वाक्यं क्रमानं बोलायचा. पहिलं सौम्य, ‘कृपया पुढे चला’. प्रयोगासाठी हे आवश्यक आहे, असं सांगणारं दुसरं. चौथं सर्वांत कडक : ‘तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवं.’ जेरी बर्गर यांनी हा प्रयोग सौम्य रूपात पुन्हा केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हे चौथं वाक्य ज्यांना ज्यांना ऐकवलं गेलं, त्यांतला एकही जण पुढे गेला नाही. अर्थात चौथ्या वाक्यापर्यंत जो पोचला तो आधीच बिथरलेला होता, हेही ध्यानात ठेवावं लागतं. तरीही ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायशर यांच्यासारखे अभ्यासक यावरून म्हणतात की लोक निव्वळ हुकमाला वाकले नव्हते. विज्ञानाच्या कामात आपण हातभार लावतोय, असं त्यांना पटलं होतं.

मिलग्रमच्या निष्कर्षांना मर्यादा आहेत. जीना पेरी यांनी २०१२ च्या पुस्तकात जुनी टिपणं आणि ध्वनिफिती तपासून दाखवलं की अनेकांना धक्के खोटे असल्याचा संशय होता आणि प्रयोगकर्ता ठरलेली वाक्यं सोडूनही बराच आग्रह करत होता. शिवाय तासाभराचा प्रयोग आणि रोजचा रस्ता यांत अंतर आहेच. हेल्मेट काढण्यामागे उकाडा, घाम आणि ‘इथंच तर जायचंय’ हीसुद्धा कारणं असतात.

एका बाबतीत मात्र पोलीस आणि वर्तमानपत्रं नकळत उलटा परिणाम घडवत असावीत. मोहीम झाली की बातमी येते : एका दिवसात इतक्या हजारांवर विनाहेल्मेट कारवाई. वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते हे की बरेच जण घालत नाहीत. रॉबर्ट चाल्डिनी यांनी ॲरिझोनातल्या अश्मीभूत लाकडांच्या राष्ट्रीय उद्यानात खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवून पाहिलं. ‘अनेकांनी लाकूड पळवल्यानं उद्यानाचं रूप बदललं’ अशा पाटीखालून जवळपास ८ टक्के तुकडे गेले. लाकूड नेऊ नका, अशी साधी विनंती करणाऱ्या पाटीखालून २ टक्क्यांहूनही कमी. या हिशेबानं कात्रजच्या घाटात हेल्मेट घालून चढणाऱ्यांची मोजणी करून तो आकडा छापणं जास्त उपयोगी ठरेल. फक्त तो आधी मोजायला हवा आणि छापण्याइतका मोठाही निघायला हवा.